दूतावासाने दाखला परत पाठवला, चूक भाषांतराची: एजन्सीला तक्रारपत्र कसं लिहायचं

भाषांतराच्या चुकीमुळे दाखला परत आला की बहुतेक जण त्याच संध्याकाळी पत्र लिहायला बसतात. त्यात मनस्ताप तीन पानं असतो आणि चूक नेमकी कुठल्या रकान्यात झाली ते अर्ध्या ओळीत. एजन्सीवाला पहिला परिच्छेद वाचतो, "ताई, काळजी नको, दुसरं मारून देतो" म्हणतो, आणि विषय तिथंच संपतो. दुसरं भाषांतर मिळतं, पण त्यात नवी चूक असते. जुना कागद त्याच्याकडे गेलेला असतो, आणि मुंबईच्या फेरीचा खर्च आपल्या अंगावर.

तक्रारपत्राला तीनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात. मूळ दाखला बरोबर आहे, भाषांतर त्याच्यापेक्षा वेगळं आहे, आणि दूतावासाने त्याच फरकामुळे कागद परत केला. यातली एक जरी कडी निसटली तरी बाकीच्या पत्राला वजन राहत नाही. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत, आणि ते उलटसुलट केले तर काय बिघडतं तेही त्या त्या ठिकाणी लिहिलंय.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. करवीर तालुक्यातल्या ग्रामपंचायतीचा, फक्त मराठीत असलेला जन्मदाखला. मुलगी नवऱ्याकडे परदेशात जाणार आहे, म्हणून शाहूपुरीतल्या एका एजन्सीकडून इंग्रजी भाषांतर आणि नोटरी करून घेतली. दाखल्यावर जन्म दिनांक ०७/०८/१९९३ आणि नोंदणी दिनांक १२/०८/१९९३. भाषांतरात जन्मतारखेच्या जागी १२ ऑगस्ट पडली. शिवाय वडिलांचं नाव ज्ञानदेव. तिच्या पासपोर्टवर ते DNYANDEV आहे, भाषांतरात GYANDEV झालं. दूतावासाच्या पत्रात कारण एकच दिलंय: जन्मतारीख पासपोर्टशी जुळत नाही.

## टप्पा १: दूतावासाचं पत्र नीट वाचा

"रिजेक्ट झालं" हा एकच शब्द लोक दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक, कागद दुरुस्तीसाठी परत आलाय आणि ठरावीक मुदतीत नवा द्यायचाय. दोन, अर्जच नामंजूर झालाय आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या बाबतीत घड्याळ चालू असतं, दुसऱ्या बाबतीत नुकसानीची रक्कम मोठी होते. पत्रात मुदत दिली असेल तर ती तारीख आधी कागदावर लिहून काढा. पुढच्या सगळ्या तारखा तिच्यापासून उलट मोजायच्या आहेत.

मग कारण पाहा. दूतावासाने कारण लेखी दिलं नसेल, खिडकीवर तोंडी सांगितलं असेल, तर आधी ईमेल करून लेखी मागा. व्हिसा अर्ज केंद्रातून कागद परत आला असेल तर त्यांच्या चेकलिस्टवर किंवा पावतीवर शेरा असतो, तोही चालतो. "साहेब म्हणाले तारीख चुकलीय" एवढ्यावर एजन्सीकडून काहीही वसूल होत नाही.

तपासा: दूतावासाचं कारण आणि भाषांतरातली चूक एकच आहे का? दूतावासाचं म्हणणं "दाखल्यावर अपोस्टिल नाही" असं असेल आणि भाषांतरातही चूक सापडली असेल, तर ती चूक दुरुस्त करून घ्या, पण कागद परत आल्याचं खापर तिच्यावर फोडू नका. एजन्सी पहिल्याच उत्तरात हे दाखवेल.

## टप्पा २: मूळ दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. चूक मूळ दाखल्यातच असेल तर भाषांतरकाराने ती जशीच्या तशी उतरवणं हे त्याचं कामच आहे. ग्रामपंचायतीच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या दाखल्यात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. शंका आली तर गावाकडं जाऊन जन्मनोंदवही पाहा किंवा ताजा दाखला काढा. नोंदच चुकीची निघाली तर रस्ता वेगळा आहे: जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज. एजन्सीवर तक्रार तिथं बसत नाही.

नावाच्या स्पेलिंगचं प्रकरण जास्त नाजूक आहे. मूळ दाखला देवनागरीत, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग मुळात नाहीच. ज्ञानदेवचं GYANDEV करणाऱ्याने हिंदीच्या सवयीने केलं असणार. कोल्हापुरात ते चूकच वाटेल, पण कागदावर प्रश्न वेगळा विचारला जातो: पासपोर्टची झेरॉक्स तुम्ही दिली होती का? दिली असेल तर स्पेलिंग त्याप्रमाणे ठेवणं एजन्सीचं काम होतं. दिली नसेल तर हा मुद्दा कच्चा आहे. तो दुरुस्तीच्या यादीत घाला, भरपाईच्या यादीत नको.

तारखेला हे लागू नाही. जन्म दिनांक आणि नोंदणी दिनांक हे दोन रकाने दाखल्यावर छापलेले असतात. त्यांची अदलाबदल झाली तर ती वाचणाऱ्याची चूक, पासपोर्ट दिलेला असो वा नसो.

इशारा: परत आलेलं भाषांतर हातात घेऊन त्याची पिन काढू नका, शिक्का असलेला दोरा सोडू नका, पेनने गोल करू नका. हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. खुणा करायच्या त्या झेरॉक्सवर.

## टप्पा ३: पुरावे जमवा, एजन्सीकडं जायच्या आधी

आधी भांडायला गेलात आणि मग पुरावे शोधायला लागलात, तर व्हॉट्सॲपवरचे मेसेज समोरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' झालेले दिसू शकतात. म्हणून पहिल्यांदा पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा, मूळ चॅटही फोनमध्ये राहू द्या. चॅटमध्ये तीन जागा शोधायच्या: दाखल्याचा आणि पासपोर्टचा फोटो कधी पाठवला, काम कशासाठी आहे (दूतावासासाठी) हे कुठं लिहिलंय, आणि त्यांनी कच्चं भाषांतर पाठवून "चेक करा" म्हटलं होतं का.

तिसरी जागा दुखरी असते. तुम्ही अंगठा दाखवून "ओके" पाठवलं असेल तर एजन्सी तेच पुढं करणार. ते लपवू नका, पत्रातच एका वाक्यात घ्या. ग्राहकाने मसुदा पाहिला म्हणून भाषांतर मूळाशी जुळवण्याची जबाबदारी संपत नाही. नाहीतर "हे मूळ दाखल्याचे खरे व अचूक भाषांतर आहे" अशी सही भाषांतरकार कशाला करतो? त्या प्रमाणपत्राची ओळ शोधून तिची झेरॉक्स लावा. माझ्या मते अख्ख्या फाईलमध्ये हीच ओळ सगळ्यात कामाची.

पावती नसली तर घाबरायचं कारण नाही. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि रक्कम पुरते. रोख दिले असतील तर "पैसे मिळाले" असा मेसेज शोधा, नसेल तर आता नम्रपणे बिल मागा, तक्रारीचा सूर लावायच्या आधी.

एजन्सीने काम पुढं पुण्या-मुंबईच्या कुणाला दिलं असेल तर तुमची तक्रार ज्याने पैसे घेतले त्याच्यावर. "भाषांतर आमचं नाही, बाहेरून करून घेतो" हे त्यांच्या दोघांतलं. नोटरीला पत्रात ओढू नका. नोटरीचा शिक्का आहे म्हणजे आतला मजकूर शब्दन्‌शब्द तपासला असं नसतं, आणि दोन जणांकडं बोट दाखवलं की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

## टप्पा ४: मागण्या दोन गटांत वेगळ्या करा

हा सगळ्या पत्राचा कणा. काही मागण्या तातडीच्या असतात: दुरुस्त भाषांतर आणि चूक कबूल करणारं इंग्रजी पत्र. काही सावकाशीच्या असतात: पैसे. दोन्ही एकाच वाक्यात गुंफल्या तर एजन्सी पैशांवर घासाघीस करत बसते आणि तोवर दूतावासाची मुदत निघून जाते. म्हणून पहिल्या गटाला कामाचे तीन दिवस, दुसऱ्याला पंधरा, आणि दुसऱ्यासाठी पहिला अडवू नये हे स्पष्ट लिहायचं.

एजन्सीचं इंग्रजी पत्र ही मागणी क्वचितच कुणाला सुचते. लेटरहेडवर, दूतावासाला उद्देशून चारच ओळी: अमुक क्रमांकाच्या दाखल्याच्या आमच्या अमुक तारखेच्या भाषांतरात जन्मतारखेच्या जागी नोंदणीची तारीख पडली, चूक आमची आहे, मूळ दाखल्यात काही बदल नाही, दुरुस्त प्रत सोबत आहे. हे नसेल तर दूतावासाच्या टेबलावर एकाच दाखल्याची दोन जन्मतारखांची दोन भाषांतरं पडतात, आणि संशय अर्जदारावर जातो. दूतावास ते पत्र मागेलच असं नाही. जोडलेलं असावं.

पैशांत फक्त पावती असलेला खर्च धरा. उदाहरणात भाषांतर व नोटरी १,४०० रुपये, पुन्हा घेतलेल्या अपॉइंटमेंटचं सेवाशुल्क २,१०० रुपये आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने दोघांचं मुंबईला जाणं-येणं १,९६० रुपये. एकूण ५,४६०. मनस्तापाचे पन्नास हजार या पत्रात लिहिले तर ५,४६० सुद्धा थट्टेवारी जातात. ती मागणी ग्राहक आयोगात करता येते, तिथं ठेवा.

भाषांतरावरच अपोस्टिल किंवा अन्य साक्षांकन झालं असेल तर ते पुन्हा करावं लागेल. तो खर्च आणि त्याला लागणारे दिवस दोन्ही आत्ताच धरा.

## टप्पा ५: पत्र लिहा

एक पान, फार तर दीड. मराठीत लिहिलं तरी चालतं. एजन्सी कोल्हापुरातली, पुढं आयोगात जायची वेळ आली तर तोही कोल्हापुरातला. नमुना असा:

> दिनांक: ……
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक,
> (एजन्सीचं पावतीवर छापलेलं पूर्ण नाव व पत्ता)
>
> विषय: जन्मदाखल्याच्या भाषांतरातील चुकीमुळे दूतावासाने कागद परत केल्याबाबत तक्रार.
>
> संदर्भ: १) आपली पावती क्र. …… दि. …… २) जन्मदाखला क्र. …… ३) दूतावासाचे पत्र दि. ……
>
> महोदय,
>
> वरील दाखल्याचे इंग्रजी भाषांतर मी दूतावासात सादर करण्यासाठी आपल्याकडून करून घेतले. त्यासाठी दि. …… रोजी मूळ दाखला व पासपोर्टची प्रत आपल्याला दिली होती. भाषांतरात पुढील चुका आहेत.
>
> १) जन्म दिनांक. मूळ दाखल्यात ०७/०८/१९९३. भाषांतरात १२ ऑगस्ट १९९३. ही तारीख मूळ दाखल्यात नोंदणी दिनांकाच्या रकान्यात आहे.
>
> २) वडिलांचे नाव. मूळ दाखल्यात ज्ञानदेव, पासपोर्टवर DNYANDEV. भाषांतरात GYANDEV.
>
> यांपैकी चूक क्र. १ मुळे दूतावासाने दि. …… च्या पत्राने कागद परत केला असून दुरुस्त कागद दि. …… पर्यंत मागितले आहेत. मसुदा मला व्हॉट्सॲपवर दाखवण्यात आला होता. तथापि भाषांतर मूळ दाखल्याप्रमाणे अचूक असल्याचे प्रमाणपत्र आपल्या भाषांतरकारांनी सही करून दिले आहे.
>
> माझी विनंती:
>
> (अ) पत्र मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत, दोन्ही चुका दुरुस्त केलेले, नव्या तारखेचे, सही-शिक्क्याचे भाषांतर विनामूल्य द्यावे आणि चूक आपल्याकडून झाल्याचे दूतावासाला उद्देशून इंग्रजी पत्र लेटरहेडवर द्यावे.
>
> (ब) पंधरा दिवसांत रु. ५,४६० परत करावेत. तपशील व पावत्या सोबत आहेत.
>
> मागणी (अ) ही (ब) च्या निर्णयावर अवलंबून ठेवू नये. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार दाद मागावी लागेल.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, पत्ता, फोन)
>
> सोबत: झेरॉक्स प्रती: मूळ दाखला, भाषांतर (चुकांवर खूण केलेली प्रत), पासपोर्ट, दूतावासाचे पत्र, पावत्या, व्हॉट्सॲप संवाद.

चुका लिहिताना "मूळ दाखल्यात हे, भाषांतरात ते" हीच घडी पाळा. "अत्यंत निष्काळजीपणे केलेले भाषांतर" असं लिहिलं की समोरचा विशेषणाला उत्तर देतो, तारखेला नाही. "फसवणूक" हा शब्द तर टाळाच. फसवणुकीत हेतू दाखवावा लागतो. इथं निष्काळजीपणा आहे आणि तेवढा पुरेसा आहे. पोलिसांची धमकी आणि गुगलवर एक तारा देण्याची धमकी, दोन्ही पत्राबाहेर ठेवा.

तपासा: पत्र घरातल्या एखाद्या माणसाला द्या, ज्याला प्रकरण माहीत नाही. दोन मिनिटांत त्याला चूक कुठली, मागणी काय आणि मुदत किती हे सांगता आलं नाही तर पत्र अजून लांब आहे.

## टप्पा ६: पोच घ्या

पत्र दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर "मिळाले", सही, तारीख आणि शिक्का घ्या. काउंटरवरचा मुलगा "मालक नाहीत, ठेवून जावा" म्हणाला तर पत्र नुसतं ठेवून येऊ नका. तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच झाल्याचा पुरावा मागा. जुनी रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालीय, त्यामुळं "आरपीएडी करा" हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आता खिडकीवर जसाच्या तसा चालत नाही. सोबत ईमेलही करा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकायला हरकत नाही, पण फक्त तेवढ्यावर थांबू नका.

इशारा: मूळ दाखला पुन्हा एजन्सीत ठेवायचा नाही. दाखवायचा, ते झेरॉक्स पडताळून घेतील, परत आणायचा. आणि "जुनं भाषांतर जमा करा, मग नवं देतो" म्हणाले तर झेरॉक्स द्या. जुनी सही-शिक्क्याची प्रत गेली की पुराव्याची मधली कडीच गेली.

## टप्पा ७: नवं भाषांतर हातात आलं की

तिथंच उभं राहून तपासा, रिक्षात बसून नको. मूळ दाखल्याचा प्रत्येक रकाना बोट ठेवून जुळवा, फक्त चुकलेला नाही. दुरुस्ती करताना दुसरीकडं नवी चूक पडते, कारण बऱ्याचदा दुसऱ्याच माणसाच्या दाखल्याची फाईल उघडून त्यावर टाईप केलेलं असतं. गावाचं आणि तालुक्याचं नाव, नोंदणी क्रमांक, लिंग, आईचं नाव हे खास बघा.

तारीख अंकांत 07/08/1993 अशी लिहिली असेल तर बदलून घ्या. ऑगस्टची सात की जुलैची आठ, हे वाचणारा कुठल्या देशातला आहे त्यावर ठरतं. महिना अक्षरांत हवा: `07 August 1993`.

मूळ दाखल्यावरचे शिक्के, शेरे आणि मागच्या बाजूचा मजकूर हेही भाषांतरात आले पाहिजेत, रिकामा रकाना रिकामा म्हणून दाखवला पाहिजे. भाषांतरकाराचं नाव, सही आणि नवी तारीख असावी. जुनीच तारीख ठेवलेली असेल तर घेऊ नका. दूतावासाकडं त्याच तारखेची चुकीची प्रत आधीच गेलेली आहे.

## टप्पा ८: पैसे येत नाहीत तेव्हा

पंधरा दिवसांत काहीच उत्तर नाही, किंवा "पावतीच्या मागे छापलंय, आमची जबाबदारी फीपुरतीच" असं उत्तर आलं. ती ओळ बघा. त्या अटींखाली तुमची सही असेल तर ती आड येऊ शकते, आणि मग फी अधिक थोडी तडजोड हा व्यवहारी मार्ग. सही नसेल, पावती काम झाल्यावर हातात दिली असेल, तर त्या छापील ओळीला फार भिऊ नका.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, क्रमांक १९१५. ते एजन्सीशी संपर्क साधून मध्यस्थी करतात, आदेश देऊ शकत नाहीत. पण छोट्या एजन्सीला तेवढा फोन बऱ्याचदा पुरतो. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार `e-jagriti.gov.in` वर ऑनलाईन करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि एजन्सी पुण्या-मुंबईची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरात तक्रार दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. भाषांतर व्यवसायासाठी करून घेतलं असेल, समजा कंपनीच्या निर्यातीच्या कागदांचं, तर "ग्राहक" म्हणून उभं राहणं अवघड होतं; घरच्या जन्मदाखल्याला ती अडचण नाही.

बहुतेक प्रकरणं आयोगापर्यंत जात नाहीत. एजन्सी रक्कम कमी करून द्यायला तयार होते आणि एक कागद पुढं सरकवते, त्यावर "माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही" असं छापलेलं असतं. तीन गोष्टी बघून सही करा. दुरुस्त भाषांतर आणि इंग्रजी पत्र हातात आलेलं असावं. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहिलेली असावी. आणि पैसे चेकने असतील तर "चेक वटल्यानंतर" हे शब्द सहीच्या वर, स्वतःच्या हाताने लिहा. ते लिहू देत नसतील तर यूपीआयने मागा आणि बँकेचा मेसेज आल्यावरच सही करा.